तोच प्रश्न दुसऱ्यांदा

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर काचेचा एक उंच, निमुळता ग्लास आहे. त्यात चमचे असतात. ते नवरा ठेवतो, मी ठेवत नाही. पाहुणे जास्त झाले आणि ग्लास कमी पडले की तो हमखास म्हणतो, "अगं, हा एक आहे की." मी म्हणते, "राहू दे." एवढ्या वर्षांत त्याने कधी कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आता लिहिते आहे, तर वाचेल.

तो ग्लास मी जुन्नरच्या बाजारातून आणला होता, लस्सीचा म्हणून. लस्सी त्यात एकदाही केली नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. डी.एड. पहिल्या वर्गात पास होऊन मी डिंगोऱ्याजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत रुजू झाले होते. शाळा चौथीपर्यंत, खोल्या दोन, शिक्षक दोन. मोठ्या खोलीत तिसरी-चौथी घेऊन मुख्याध्यापक गुरुजी बसायचे, लहान खोलीत पहिली-दुसरी घेऊन मी. माझ्या खोलीत पहिलीची बसायची पट्टी खिडकीकडे आणि दुसरीची भिंतीकडे. मधे दीड हात जागा. मला चालायला तेवढी पुरायची.

डी.एड.ला मला सगळ्यात आवडलेला विषय बालमानसशास्त्र. स्वित्झर्लंडमधल्या एका मानसशास्त्रज्ञाने मुलांच्या विचारांच्या चार अवस्था सांगितल्या होत्या. पहिली दोन वर्षं मूल हाताने, तोंडाने, डोळ्यांनी जग ओळखतं. मग सातव्या वर्षापर्यंत त्याला बोलता येतं, खोटं खोटं खेळता येतं, पण दिसतं त्यावर ते फसतं. सातनंतर हाताळता येणाऱ्या वस्तूंबद्दल ते नीट तर्क करतं, आणि अकरा-बाराच्या पुढे नुसत्या कल्पनेवरही. दुसऱ्या अवस्थेतून तिसऱ्या अवस्थेत जाण्याची कसोटी होती पाण्याची. दोन सारख्या ग्लासांत सारखं पाणी घ्यायचं, मुलाला विचारायचं, सारखं आहे ना? मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ग्लासातलं पाणी उंच ग्लासात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं. लहान मूल म्हणतं, उंच ग्लासात जास्त. कारण पातळी वर गेलेली दिसते, ग्लास अरुंद झालेला ते लक्षात घेत नाही. मोठं मूल म्हणतं, तेवढंच.

मला हे वाचून वेड लागायची पाळी आली होती. मुलाच्या डोक्यात डोकावून बघायची खिडकीच सापडली म्हणा ना. परीक्षेत या प्रश्नावर मी पाच पानं लिहिली. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून साडी घ्यायच्या आधी मी तो ग्लास घेतला. यावरून काय ते समजा. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली एक बाई तेव्हा डिंगोऱ्याच्या वाटेने रोज सायकल हाकत होती.

गुरुजी निवृत्तीला आलेले. धोतर, टोपी, खिशात तंबाखूची चंची. मानसशास्त्र त्यांनी कधी काळी वाचलं असेल, पण बोलायचे नाहीत. त्यांची शिकवायची एक रीत होती आणि ती सगळ्या शाळेत मुरली होती. मुलाला उभं करायचे, प्रश्न विचारायचे. उत्तर बरोबर आलं की म्हणायचे, "बस." चुकलं की रागवायचे नाहीत, मारायचे तर मुळीच नाहीत. शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारायचे. "सात पंचे?" "तीस." "सात पंचे?" मूल समजायचं की चुकलं, आणि दुसरं काहीतरी सांगायचं. मला ती रीत आवडली. छडीपेक्षा बरी म्हणून मीही उचलली. वर्षभरात माझ्या खोलीतल्या पोरांनाही ठाऊक झालं की बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे उत्तर बदलायचं.

या शाळेत एक मुलगी पटावर नाव नसताना यायची. तिची थोरली बहीण पहिलीत होती. आई-बाप रानात गेले की धाकटीला सांभाळायला घरी कोणी नसे, म्हणून ती बहिणीचा हात धरून यायची आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसायची. मी हजेरी घेताना बहिणीच्या नावानंतर थांबायचे आणि ती स्वतःच म्हणायची, "मी बी हाय." सगळा वर्ग हसायचा. वर्ष संपता संपता तिला बहिणीइतकंच वाचता यायला लागलं आणि हिशेब तर बहिणीहून चटपटीत.

जूनमध्ये आई शाळेत आली. डोक्यावर पदर, पायाला चिखल, दोन्ही पोरी दोन बाजूंना. गुरुजींच्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "गुर्जी, थोरली दुसरीत गेली. धाकटीचं नाव घालायचंय. पर तिला बी दुसरीतच घाला."

गुरुजी म्हणाले, "का वं? घाई काय?"

"घाई न्हाई. दोगी एका वर्गात ऱ्हातील. चौथीच्या म्होरं डिंगोऱ्याला चालत जायाचं, उसातनं वाट हाय. दोगी संगं जातील, संगं येतील, संगं सुटतील. एक म्होरं गेली अन् एक मागं ऱ्हायली तर ह्यांचे वडील मागल्या पोरीला एकटीला धाडायचे न्हाईत. मी वळखते की त्यांना."

गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरगी हुशार हाय. मला तर वाटतं, बसवावी. तुमचं काय म्हणणं, बाई? वर्ग तुमचा."

मी म्हणाले, "आपण शास्त्रीय पद्धतीने बघू." हे वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. त्यातला प्रत्येक शब्द मी कसा चावून बोलले, तेही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर मी टेबलावर दोन सारखे ग्लास मांडले, तिसरा उंच ग्लास मागे ठेवला. आई दारात बसली होती. गुरुजी चौकटीला टेकून उभे. मुलगी टेबलापाशी आली. टेबल तिच्या हनुवटीला लागत होतं.

मी दोन्ही ग्लासांत पाणी ओतलं. ती खाली वाकली, डोळा पाण्याच्या रेषेला लावला. एका ग्लासात थोडं कमी आहे म्हणाली. मी चार थेंब घातले. तिने पुन्हा बघितलं.

"आता दोन्हीत सारखं आहे, की एकात जास्त आहे?"

"सारखं."

मी "बस" म्हणाले नाही. कसं म्हणणार? प्रयोग संपला नव्हता. एक ग्लास उचलला, त्यातलं पाणी उंच ग्लासात ओतलं. पाणी वर चढलं. आणि मी विचारलं, त्याच शब्दांत, कारण शब्द बदलायचे नाहीत असं माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेलं होतं, "आता दोन्हीत सारखं आहे, की एकात जास्त आहे?"

तिने ग्लासाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. नुकतीच एवढी वाकून रेषा तपासणारी ती मुलगी, तिने या वेळी पाण्याकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. ती माझा चेहरा वाचत होती. तिचे ओठ "सा" म्हणायला उघडले होते असं मला आता वाटतं. आता वाटतं, याला किंमत किती ते मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत मी ते ओठ इतक्या वेळा उघडून बघितलेत की खरं काय घडलं ते माझ्याजवळ उरलेलंच नाही. पण नजर खरी. नजर मी बनवलेली नाही.

मग तिने उंच ग्लासाला बोट लावलं. "ह्याच्यात जास्त."

"का बरं?"

"उंच हाय म्हून."

काय सांगू, मला आनंद झाला! पुस्तकात छापलेलं उत्तर, शब्द न् शब्द, वस्तीवरच्या पोरीच्या तोंडून. मी वहीत लिहिलं, दिसण्यावर फसते, दुसरी अवस्था, अद्याप तयारी नाही. आईला समजावलं की हिच्या बुद्धीची पुढची पायरी यायची आहे, घाई केली तर गणित डोक्यावरून जाईल, पोरीचंच नुकसान. आई म्हणाली, "तुमी शिकल्याल्या. तुमी म्हंता तसं." तिने मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी गेल्या.

गुरुजी चौकटीपाशीच होते. तळहातावर तंबाखू मळत म्हणाले, "बाई, तुमी तिला दोनदा इचारलं."

"शास्त्रात तसंच आहे, गुरुजी."

"आसंल," ते म्हणाले. चिमूट दाढेखाली धरली आणि आपल्या वर्गावर गेले. पुढे त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मी पहिल्या वर्गात पास झालेली, ते जुन्या काळातले सातवी पास. त्या काळी या गोष्टीने माणसं गप्प बसायची.

मुलीचं नाव पहिलीत पडलं. पहिल्याच दिवशी ती सवयीने भिंतीकडच्या पट्टीवर बहिणीजवळ जाऊन बसली. मी तिला उठवून खिडकीकडे बसवलं. दीड हाताचंच अंतर. आपल्याला येणारे धडे ती पुन्हा गिरवायची आणि अधूनमधून समोरच्या पट्टीवरच्या बहिणीच्या पाटीत डोकावायची. मला वाटायचं, बघा, लक्ष नसतं हिचं.

इथवर जे घडलं त्याला अज्ञान म्हणता येईल. याच्या पुढचं आहे त्याला दुसरं नाव आहे.

दिवाळीच्या आधी माझा दूधवाला आजारी पडला, म्हणून मी त्यांच्या घरून दूध आणायला लागले. एका संध्याकाळी आई गोठ्यात होती, तेव्हा ही धाकटी दूध घालायला आली. पसरट पातेल्यात काढलेलं दूध, त्यातून लोखंडी मापाने मोजून माझ्या किटलीत. माझी किटली बारीक आणि उंच, दूध गळ्यापर्यंत आलं. मी सहज, चेष्टेने म्हणाले, "एवढं? आज जास्त घातलंस वाटतं."

ती खळखळून हसली. बाईंना एवढंही कळत नाही असं तिला वाटलं असावं. "न्हाई बाई! तुमचं भांडं बारीक हाय. दूद तेवडंच."

गोठ्यात म्हैस हंबरली. मी किटलीचं झाकण लावलं. ते एकदा तिरकं बसलं, मग नीट बसलं. मी म्हणाले, "शहाणी आहेस."

मला त्याच क्षणी कळलं होतं. भांडं बारीक, म्हणून पातळी वर, पण दूध तेवढंच. हे तिने कारणासकट सांगितलं होतं, आणि नेमकं तेच कारण परीक्षकाने शोधायचं असतं. वर्ष अजून निम्मंही सरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींना एवढंच म्हणायचं होतं की मी चुकले, हिला दीड हात पलीकडे बसवू या. गुरुजींनी नाही म्हटलं नसतं.

पण दहाच दिवसांवर गटसंमेलन होतं. परिसरातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांसमोर मी माझा छोटा प्रकल्प वाचणार होते, आणि त्यात नावाशिवाय ही मुलगी होती, उंच ग्लासाला बोट लावणारी. प्रकल्पातलं सगळ्यात सुंदर उदाहरण तेच. मी स्वतःला समजावलं, घरातली सवय वेगळी आणि समज वेगळी. दूध रोज हाताळते, म्हणून पाठ झालं असेल. असली वाक्यं माणसाला हवी तेव्हा बरोबर सुचतात. मी प्रकल्प वाचला. टाळ्या पडल्या. शिक्षणखात्याचे साहेब म्हणाले, असे शिक्षक हवेत. दुसऱ्या आठवड्यात माझा दूधवाला बरा झाला आणि मी त्यांच्याकडे जाणं बंद केलं.

चार वर्षांनी माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली. आम्ही मंचरला बिऱ्हाड केलं. हायवेला लागून घर, रात्रंदिवस ट्रक. वस्ती मागे पडली. ग्लास मात्र सामानाबरोबर आला. फुटावा म्हणून मी तो मुद्दाम टेंपोत शेवटी, पातेल्यांच्या वर ठेवला होता, पण त्याला साधा टवकासुद्धा उडाला नाही.

नजर त्या ग्लासातून यायची असं म्हटलं तर कोणी हसेल. पण नवीन शाळेत मी एखाद्या मुलाला तोच प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि ते पुस्तकाकडे बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघायचं, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. चेहरा दुसऱ्याच मुलाचा, बघणं तिचं. मी फळ्याकडे वळायचे. खडूची पावडर झटकत राहायचे. मला भीती वाटायची, स्पष्टच सांगते. एवढ्याशा पोरांची.

जुन्नर भागात बिबट्याने माणसांवर हल्ले करायला सुरुवात केली ती पुढे काही वर्षांनी, नवं शतक लागताना. उसात बिबट्याच्या माद्या विणायला लागल्या होत्या. संध्याकाळी पाचनंतर वाटा ओस पडायच्या. पेपरात डिंगोऱ्याच्या बाजूचं काही आलं की मी आधी ते वाचायचे.

मग एका बाजारच्या दिवशी मंचरला बटाट्याच्या ढिगापाशी ती आईच भेटली. केस पिकलेले, पण मी लगेच ओळखलं. तिनेही. "बाई! लई दिसांनी!" बियाण्याचे बटाटे न्यायला आली होती. मी थोरलीचं विचारलं.

"धाव्वी पास झाली, ऐन उन्हाळ्यात लगीन करून दिलं. बरं चाललंय."

"आणि धाकटी?"

"ती नववी पास. लई मार्क पडले. पर शाळा सोडली तिनं."

मी विचारलं, "का?" हे विचारायची गरज नव्हती. तिने जूनच्या त्या दिवशीच मला सांगून ठेवलं होतं.

"थोरली संगं व्हती तवर जात व्हती. आता एकटीला कोन धाडंल? वाटंला उसात वाघरू. ह्यांनी न्हाईच म्हटलं. पोरगी दोन दिस जेवली न्हाई. एका वर्साचा प्रश्न व्हता बगा, बाई. एकच वर्स." ती हे मला टोचून बोलली नाही. तिला त्या जूनची आठवण असावी असंही वाटलं नाही. नशिबाला बोलावं तसं बोलली, बटाट्याची पिशवी उचलली आणि "येते बाई," म्हणून गेली.

माझ्या हातात मेथीची जुडी होती. घरी आले तेव्हा तिची पानं कुस्करून तळहात हिरवा झाला होता. नवऱ्याने विचारलं, मी म्हणाले, ऊन लागलं.

मधल्या काळात बाहेरून बी.ए. झाले होते, पुढच्या वर्षी मी बी.एड.ला नाव घातलं, नोकरी सांभाळून करायचा अभ्यासक्रम. रविवारी मंचरच्याच एका शाळेत तास व्हायचे. मानसशास्त्र शिकवायला एक तरुण प्राध्यापक पुण्याहून मोटारसायकलवर यायचे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. एका रविवारी त्यांनी फळ्यावर चार अवस्था लिहिल्या. मी मनातल्या मनात पुढचं म्हणत होते. मग त्यांनी खडू ठेवला आणि म्हणाले, "हे झालं तुम्हाला ठाऊक असलेलं. आता यावर नंतरच्या संशोधकांनी काय आक्षेप घेतले ते बघू."

ते सांगत होते की तेच मूल एका कामात पुढच्या पायरीवर दिसतं आणि दुसऱ्या कामात मागच्या. सरावातल्या, ओळखीच्या वस्तू असल्या की मूल आधीच शहाणं दिसतं. म्हणजे पायऱ्या जिन्यासारख्या सरळ आणि सगळ्यांना सारख्या नाहीत. हे मी लिहून घेत होते. मग ते म्हणाले, "पाण्याच्या प्रयोगात आपण तोच प्रश्न दोनदा विचारतो. आता मुलाच्या जागी जाऊन बघा. उत्तर देऊन झालंय. मोठं माणूस, तेही सगळं माहीत असलेलं, काहीतरी मुद्दाम बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारतं. मुलाला काय वाटेल? की पहिलं उत्तर चुकलं, आता दुसरं द्यायला हवं. काही संशोधकांनी पहिला प्रश्न गाळला, फक्त ओतल्यानंतर एकदाच विचारलं. बरोबर उत्तर देणारी लहान मुलं वाढली. काहींनी ओतण्याला निमित्त दिलं, म्हणजे ग्लासाची कड तुटली आहे, लागेल, म्हणून दुसऱ्यात ओततो. तेव्हाही वाढली."

एका बाईंनी विचारलं, "मग सिद्धांत खोटाच की, सर?"

"नाही. इतकं सोपं नाही. मुलाचा विचार वयाबरोबर बदलतो आणि साधारण त्याच क्रमाने बदलतो, हे बरंचसं टिकून आहे. निमित्त दिल्यावर 'सारखं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला समजलेलंच असतं असंही नाही. पण एक नक्की. 'याला येत नाही' असं आपण लिहितो, तेव्हा त्याला पाणी कळलं नाही, की आपलं विचारणं त्याला वेगळं कळलं, हे आधी बघायला हवं. आणि या सिद्धांताने कोणी शाळेत प्रवेश द्यायचा-नाकारायचा, असं तर त्या माणसाने मुळीच सांगितलेलं नाही."

पंखा फिरत होता. बाहेर हायवेवर कांद्याचे ट्रक. मला मात्र तंबाखू मळणारा एक तळहात दिसत होता आणि ऐकू येत होतं, बाई, तुमी तिला दोनदा इचारलं. जे समजायला तिकडे संशोधकांची पिढी लागली, ते आमच्या सातवी पास गुरुजींनी चौकटीला टेकून एका मिनिटात पाहिलं होतं. त्यांची ती रीतच होती ना. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे काय, हे त्यांच्याहून चांगलं कोणाला कळणार? गुरुजी तोवर वारलेले. मी त्यांच्या दहाव्यालाही गेले नव्हते.

सोमवारी मी ग्लास शाळेत नेला. चमचे ओट्यावर ओतले, नवरा बघतच राहिला. एका साध्या ग्लासाची कड दगडाने मीच उडवली. दुसरीतली पोरं एकेक करून बोलावली. काहींना जुन्या पद्धतीने विचारलं. काहींना म्हणाले, "अगं बाई, याची कड तुटलीय, ओठ कापेल, थांब यात ओतते," आणि ओतून विचारलं. ज्यांना निमित्त सांगितलं त्यातली कितीतरी पोरं बेफिकीरपणे "सारखंच की" म्हणाली आणि खेळायला पळाली. एक तर म्हणाला, "बाई, ग्लास फेकून द्या, लागंल." ज्यांना जुन्या पद्धतीने विचारलं, त्यातली बरीच माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मला पुढचं करवेना. मी वर्ग सोडला आणि हापशावर जाऊन तोंड धुतलं.

आणखी काही वर्षांनी, म्हणजे मला अंगणवाडीच्या ताईंना प्रशिक्षण देणारी साधनव्यक्ती नेमलं तेव्हा, मी निमगाव सावाकडच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीत गेले. सेविका रजेवर होती. मदतनीस मुलांना खिचडी वाढत होती. निळी साडी, कडेवर तिचंच एक वर्षाचं बाळ. तिने वर बघितलं आणि मला दारात उभ्या उभ्याच कळलं, ही ती धाकटी.

"बाई? तुमी इकडं कुटं?"

ती वाकून पाया पडली. मी बसले. पोरं वाट्या घेऊन रांगेत आली. एकाची वाटी पसरट, दुसऱ्याचा डबा उभा. पसरट वाटीवाला कुरकुरला, डब्यावाल्याला जास्त मिळालं. तिने न चिडता दोघांची खिचडी एकाच ताटात आलटून पालटून ओतून दाखवली. "बग, तेवडंच का न्हाई?" त्याने मान डोलावली. ती म्हणाली, "बस." एकदाच विचारलं तिने, आणि लगेच "बस." गुरुजींचा आवाज जसाच्या तसा.

मुलं जेवायला लागल्यावर मी विचारलं, "सेविका का नाही झालीस?"

"धाव्वी पायजे ना, बाई. माझी नववी." ती हसली. "बाहेरून फॉर्म भरायचं म्हंते, पर घरी जमत न्हाई. बगू."

मग मी सांगितलं. सगळं. ग्लास, दूध, गटसंमेलन, गुरुजी. तिला ग्लासांचं आठवत होतं की नाही, कळलं नाही, ती बाळाचं नाक पुसत ऐकत होती. मी म्हणाले, "ते एक वर्ष मी तुझं घेतलं. तुला माझा राग आहे का?"

"न्हाई, बाई," ती म्हणाली. पटकन, बाळाकडेच बघत. "राग कशाला?"

एवढ्यावर उठायला हवं होतं. पण इतक्या वर्षांची भुकेली मी, एका "न्हाई"ने माझं पोट भरलं नाही. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "खरंच? राग नाही ना?"

तिने बाळावरून नजर काढली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तेच बघणं. टेबल हनुवटीला लागत होतं तेव्हाचं.

"व्हता," ती म्हणाली. "थोडा."

तिच्या मनात खरंच होतं, म्हणून म्हणाली, की बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं म्हणून उत्तर बदललं, हे मला समजलं नाही. कधी समजणारही नाही. विचारून बघायचं, तर तोच प्रश्न मला तिसऱ्यांदा विचारावा लागला असता.